पश्चिमेची भिंत : लाल वीट, फ्लाय ॲशची वीट की एएसी ब्लॉक?

निळी_छत्री
पेडणे तालुक्यात, समुद्रापासून साधारण दीड किलोमीटरवर तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. आरसीसी सांगाडा आहे. जोतं झालंय, खालचे खांब उभे आहेत, स्लॅब दिवाळीपर्यंत होतील. त्यानंतर भिंती. कंत्राटदाराने तीन पर्याय दिलेत: लाल वीट, फ्लाय ॲशची वीट आणि एएसी, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. तिन्हींचे दर त्याच्याकडे आहेत, त्यामुळे दराबद्दल विचारत नाही. माझा प्रश्न फक्त बाहेरच्या भिंतींचा, त्यातही पश्चिमेच्या भिंतीचा आहे. पावसाचा सगळा मार तिच्यावर येतो. दोन खांबांमधला गाळा ४ मीटर लांब, ३ मीटर उंच. एका गाळ्यात खिडकी आहे, दुसरा कोरा आहे. छज्जा नकाशात ४५ सेंटीमीटरचा आहे. पाणी आत येऊ नये आणि उन्हाळ्यात तडे जाऊ नयेत, यासाठी काय घ्यावं?

तिसरा_थर
मी कंत्राटं घेतो. किनाऱ्याला एएसी नकोच. ब्लॉक पाण्यात टाका, स्पंजासारखा पाणी पितो. लाल वीट घ्या, नाहीतर फ्लाय ॲश. फ्लाय ॲशची वीट एकसारखी येते, कोपरे सरळ असतात, प्लास्टर कमी लागतं. दोन्ही विटा आदल्या दिवशी भरपूर भिजवायच्या आणि लावायच्या. भिंत पक्की होते.

सत्तरी_कुळागर
गोव्यात राहून जांभ्याच्या चिऱ्याचं नाव कोणीच कसं घेत नाही? आमच्याकडे वाळपईला सगळी घरं चिऱ्याची आहेत. आणि माझाही एक प्रश्न घ्या: कुळागराच्या कडेला कुंपणाची भिंत घालायची आहे, शेजारच्या बांधकामातले एएसी ब्लॉक स्वस्तात मिळतायत. घेऊ का?

ओळंबा
कुंपणासाठी घेऊ नका. कुंपणाच्या भिंतीचा पाय मातीत असतो आणि डोकं उघडं असतं, म्हणजे पाणी खालून चढणार आणि वरूनही उतरणार. एएसीला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. कुळागरात तर जमीन बारा महिने ओली. तिथे चिराच घाला, वर काँक्रीटची उतरती टोपी द्या.

आता मूळ प्रश्न. निळी_छत्री, आधी एक सांगा: तुमच्या इंजिनीअरने सांगाड्याचं डिझाइन कोणत्या भिंतीचं वजन धरून केलंय? बाकीचं सगळं त्याच्या नंतर येतं.

निळी_छत्री
ड्रॉइंगवर बाहेरच्या भिंती २३० मिमी वीटकाम अशा दिल्या आहेत. आतल्या १०० मिमी.

ओळंबा
मग तिन्ही पर्याय मोकळे आहेत. उलटं असतं, म्हणजे डिझाइन एएसी धरून झालं असतं आणि तुम्ही आता लाल वीट म्हणाला असतात, तर मी थांबवलं असतं.

तुमचा कोरा गाळा घेऊ. ४ गुणिले ३ म्हणजे १२ चौरस मीटर. ९ बाय ४ बाय ३ इंची लाल वीट, ९ इंची भिंत: सुमारे १२३० विटा, तूटफूट धरून १३०० मागवा. सिमेंट-रेतीच्या १:६ मसाल्याला साधारण साडेतीन गोणी सिमेंट. भिंतीचं वजन प्लास्टर सोडून ५.३ टनांच्या आसपास. फ्लाय ॲशची वीट थोडी रुंद असेल तर नग ११५० पर्यंत उतरतात, वजन जवळपास तेवढंच. ८ इंची एएसी, म्हणजे ६०० बाय २०० बाय २०० चा ब्लॉक: नेमके १०० ब्लॉक, सोबत ४० किलोच्या दोन गोणी चिकट मसाला. वजन थोडा ओलावा धरून १.८ टन.

म्हणजे खालच्या तुळईवर मीटरमागे १.३ टनांऐवजी ०.४५ टन. फरक मोठा आहे, पण तुमचं स्टील ठरून गेलंय, जोतं भरून झालंय. त्यामुळे 'एएसीने स्टील वाचतं' हे वाक्य तुमच्या घराला लागू नाही. हे कोणी विक्रेता सांगेल, म्हणून आधीच लिहिलं.

राहिला पाण्याचा प्रश्न. तिसरा_थर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. एएसी पाण्यात बुडवला तर वजनाच्या मानाने विटेपेक्षा जास्त पाणी घेतो, हे खरं. पण भिंत पाण्यात बुडालेली नसते. पावसाचं पाणी आत येतं ते बहुतेक वेळा तड्यातून, विटांमधल्या न भरलेल्या सांध्यांतून, म्हणजे दर्जांतून, खांब आणि भिंत यांच्या फटीतून. ब्लॉकच्या अंगातून पाझरत येणं हे फार हळू चालतं. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीसाठी खरा प्रश्न असा: यातल्या कोणत्या भिंतीला तडा जाणार नाही याची काळजी तुमच्या साइटवर घेतली जाईल?

आणि ती काळजी लावण्याच्या दिवशी सुरू होते. इथेच तिन्ही वस्तू एकमेकींपासून वेगळ्या होतात.

लाल वीट भट्टीतून येते, पूर्ण कोरडी. ती तशीच लावली तर मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि दर्जेतलं सिमेंट घट्ट होण्याआधीच सुकून भुसभुशीत होतं. म्हणून तिला पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, किमान तासभर. पाइपाने ढिगावर पाणी मारणं म्हणजे भिजवणं नव्हे. वरच्या दोन थरांपलीकडे ढीग कोरडाच राहतो. बाहेर काढल्यावर पृष्ठभागावर चकाकणारं पाणी जाऊ द्यायचं, मग लावायची.

फ्लाय ॲशची वीट भाजलेली नसते. ती सिमेंट किंवा चुन्याने घट्ट झालेली असते, म्हणजे ओली झाली की किंचित फुगते आणि सुकताना आकसते. तिला लाल विटेसारखी रात्रभर भिजवून लावली की पुढचे काही महिने भिंत आकसत राहते. तडा मग दर्जांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जातो. तिला लावण्याआधी वरवर ओलावा द्यायचा, एवढंच. शिवाय ती कारखान्यातून २८ दिवसांची होऊन यायला हवी. बनवल्याची तारीख विचारा. आठ-दहा दिवसांची वीट ट्रकमध्येच कोपरे सोडते, अंगठ्याने कड घासली तरी पावडर निघते.

एएसीला याहून कमी. ज्या बाजूला मसाला लागणार ती ओल्या ब्रशने पुसायची, धूळ जाईल इतपत. बस.

तिसरा_थर
फ्लाय ॲश न भिजवता लावली तर मसाला पकडतच नाही, हे रोज बघतो. गुळगुळीत असते ती. पुस्तकातलं वेगळं आणि बांबूवरचं वेगळं.

ओळंबा
गुळगुळीत असते, मान्य. मसाला न पकडण्याचं कारण मात्र पाणी नव्हे. मसाला कोरडा कालवलेला असतो किंवा रेतीत बारीक भुकटी जास्त असते. आता नदीची रेती सहज मिळत नाही, सगळीकडे क्रश सँड आहे. चाळून, बारीक भुकटी कमी असलेली घेतली तर मसाला लवचिक होतो आणि वीट नुसती ओलसर असली तरी धरते. गुळगुळीतपणाचा खरा त्रास प्लास्टरच्या वेळी होतो. तिथे आधी १:३ चा पातळ मसाला झाऱ्याने फेकून खरखरीत थर करायचा, दोन दिवस पाणी मारायचं, मग प्लास्टर. लाल विटेच्या भिंतीत हे काम दर्जा करतात. त्या ओल्या असतानाच १० मिमी आतपर्यंत खरवडून ठेवायच्या.

जोते_आणि_जागा
वास्तुरचनेच्या बाजूने दोन गोष्टी.

४५ सेंटीमीटरचा छज्जा पश्चिमेला कमी आहे. गोव्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून-जुलैमध्ये तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. स्लॅब अजून व्हायचा आहे, तोवर इंजिनीअरशी बोलून छज्जा ७५ करून घ्या. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, पागोळीची खाच ठेवा. ती नसली तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतं आणि नेमकं लिंटेलच्या वर मुरतं. मग घरमालक विटेला दोष देतो.

दुसरं: माझं मत एएसीकडे आहे. बाहेर आणि आत, सगळीकडे. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, आणि ९ इंची विटेच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते त्याच्या निम्म्याहून कमी ८ इंची एएसीतून येते.

निळी_छत्री
म्हणजे एएसी लावला की पंखा-एसीचा खर्च निम्मा?

जोते_आणि_जागा
नाही, तसं नाही. हा हिशेब फक्त त्या भिंतीचा, आणि तीही कोरडी असताना. वरच्या मजल्यावर सर्वांत जास्त ऊन स्लॅबवर पडतं आणि खिडकीच्या काचेतून येतं. स्लॅबवर काही केलं नाही तर भिंत बदलून खोली फारशी निवत नाही.

ओळंबा
जोते, छज्ज्याबद्दल पूर्ण सहमत. सगळीकडे एएसी याबद्दल माझी एक अट आहे: ब्लॉक कोरडा हवा. गोव्यातला नेहमीचा गोंधळ असा होतो. ब्लॉक मे महिन्यात येतात, काम लांबतं, ढीग जूनच्या पावसात उघडा राहतो. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की भिंत चढते, ऑक्टोबरमध्ये प्लास्टर होतं. आत अडकलेलं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून जातं, ब्लॉक आकसतात आणि गाळ्याच्या मध्यावर उभा तडा दिसतो. पुढच्या जूनमध्ये त्याच तड्यातून पाणी आत. मग 'एएसी पाणी पितो' असं नाव होतं. पाणी त्याने भिंतीत जाण्याआधीच प्यायलेलं असतं.

ओळखणं अवघड नाही. घनमीटरला ६०० किलो घनतेचा ८ इंची ब्लॉक पूर्ण कोरडा असेल तर १४ ते १५ किलो भरतो. कारखान्यातून ताजा आलेला थोडा जड असणारच. ढिगाच्या मधले चार-पाच ब्लॉक वजनकाट्यावर ठेवा. १८ च्या वर असतील तर आणखी सुकू द्या, २० च्या पुढे असतील तर लावूच देऊ नका. एक ब्लॉक अर्धा तोडून बघा: बाहेरची इंचभर कड पांढरट आणि पोट काळपट दिसलं तर आतून ओला आहे. ढीग लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वर. ताडपत्री वरून घाला, बाजू मोकळ्या सोडा. चारही बाजूंनी गुंडाळलं तर आतच घाम येतो.

तुमचं काम दिवाळीनंतर आहे, म्हणजे वेळ तुमच्या बाजूने आहे. नोव्हेंबरमध्ये ब्लॉक आणा, महिना-दीड महिना सुकू द्या, भिंती जानेवारीत, बाहेरचं प्लास्टर मार्चअखेर. मेच्या मध्यापर्यंत पाणी मारून झालेलं असलं पाहिजे.

निळी_छत्री
हे वजनाचं फार उपयोगी. देव बरें करूं. विटांची अशी काही परीक्षा?

ओळंबा
आहे. पाच विटा घ्या, पूर्ण वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. ३ किलोची लाल वीट साडेतीन किलो झाली तर शोषण १७ टक्क्यांच्या आत-बाहेर आलं, ठीक. ३.६ च्या वर गेली तर २० टक्के ओलांडले, परत पाठवा. फ्लाय ॲशलाही हीच २० टक्क्यांची मर्यादा धरा. बाहेर काढल्यावर तिची कड नखाने खरवडा, नरम पडली असेल तर सिमेंट कमी आहे.

तुमच्या जागेसाठी आणखी एक परीक्षा. वीट ताटलीत इंचभर पाण्यात उभी करा, पाणी शोषून आणि सुकून जाऊ द्या, पुन्हा तेवढंच पाणी घाला, तेही सुकू द्या. वर पांढरा लोणा फुटला तर ती वीट किनाऱ्यावर नको. पाणी मात्र चांगलं घ्या. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने विटा भिजवल्या आणि प्लास्टरला तेच मारलं तर चांगल्या विटेलाही लोणा फुटतो.

तिसरा_थर
वजनाचं पटतं. पण मग एएसीवर प्लास्टर का सुटतं ते सांगा. आम्ही बाहेरून १:४ मारतो, सिमेंट कमी करत नाही, तरी वर्षात थापी मारली की पोकळ वाजतं.

ओळंबा
१:४ मारता म्हणूनच. सिमेंट जास्त तेवढं प्लास्टर कडक आणि आकसणारं. ब्लॉकचा पृष्ठभाग त्याच्यापेक्षा नरम. प्लास्टर आकसलं की ब्लॉकची वरची पापुद्र्यासारखी पातळ पाठ घेऊनच सुटतं. पोकळ वाजणारा एक तुकडा काढून मागची बाजू बघा. तिला ब्लॉकची राखाडी पावडर चिकटलेली असेल तर कारण हेच. पाठ स्वच्छ असेल तर धूळ न पुसता प्लास्टर झालं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

एएसीवर आधी पातळ खरखरीत थर, मग १:६, त्यात थोडा चुना, दोन हातांत: पहिला १२, दुसरा ८ मिमी. दोन हातांमध्ये थोडे दिवस जाऊ द्या, म्हणजे पहिल्याचे बारीक तडे पडून जातात आणि दुसरा त्यांना झाकतो.

तिसरा_थर
पहिल्या थरात १:६ ने किनाऱ्यावर पाणी थांबेल याची खात्री मला नाही. ती जबाबदारी माझ्यावर येते. आणि जाळीचं काय? खांबाच्या सांध्यावर आम्ही कोंबडीजाळी लावतो.

ओळंबा
पाणी अडवायला वॉटरप्रूफिंगचं औषध मसाल्यात घाला आणि वरून बाहेरच्या भिंतीचा चांगला रंग द्या. सिमेंट वाढवून ते काम होत नाही. जाळी हवीच, ३०० मिमी रुंद, निम्मी खांबावर, निम्मी ब्लॉकवर. पण ती भिंतीला सपाट चिकटवून वर मसाला थोपला की तिच्यामागे पोकळी राहते. पहिल्या हातात रुतवायची. दीड किलोमीटरवर समुद्र असताना लोखंडी कोंबडीजाळी मी वापरणार नाही. कलई गेली की गंजते, फुगते, आणि सांध्यावर तपकिरी रेघ उमटते. काचेच्या धाग्यांची, अल्कली सोसणारी जाळी घ्या.

तिसरा_थर
ती जाड प्लास्टरमध्ये नुसती तरंगते, ताण घेत नाही. आमचे गवंडी तिला हात लावत नाहीत. चांगली कलई केलेली, जाड तारेची वेल्डेड जाळी असेल तर मी ती घेईन.

जोते_आणि_जागा
दोन्ही चाललेल्या पाहिल्यात, दोन्ही फसलेल्याही. प्लास्टर २० मिमीच्या आत असेल तर काचेची.

जाळीपेक्षा सांध्यामागे काय आहे ते महत्त्वाचं. खांबाला भोक पाडून, रसायनाने बसवलेली सळई दर दोन-तीन थरांनंतर ब्लॉकच्या दर्जेत जायला हवी. खिडकीच्या तळाला आणि लिंटेलला पूर्ण गाळाभर आरसीसीची पट्टी, ७५ ते १०० मिमी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला की समजायचं तळाची पट्टी खिडकीपुरतीच घातली होती.

ओळंबा
आणि तुळईखालची फट. तुळईच्या पोटाला आडवा, सरळ तडा गेला तर तो ब्लॉकचा नव्हे, घाईचा. भिंत तुळईच्या १५-२० मिमी खाली थांबवा. आधी वरच्या मजल्याच्या भिंती पूर्ण करा, म्हणजे खालच्या तुळया जेवढ्या वाकायच्या तेवढ्या वाकून घेतात, मग खालची फट भरा. हे तिन्ही वस्तूंना लागू आहे. दिवसाला दीड मीटरपेक्षा उंच चढू नका, हेही तिन्हींना.

पहिला थर जोत्यावर थेट एएसीचा नको. बाहेरून जमिनीवर आपटून उडणारं पाणी तिथपर्यंत येतं. १५० मिमी काँक्रीटची कड घाला. न्हाणीघराच्या भिंतींखालीही तसंच.

निळी_छत्री
मग शेवटी माझ्या पश्चिमेच्या भिंतीला? मला असं सुचतंय: बाहेर लाल वीट, आत १०० मिमी एएसी. बाहेरही ४ इंची एएसी चालेल असं एकजण म्हणाला.

ओळंबा
बाहेर ४ इंची कोणत्याच वस्तूची नको. एका दर्जेतली फट थेट आत उघडते, आणि ग्रिलच्या स्क्रूच्या प्लगला धरायला जागा उरत नाही. एएसीत ग्रिल, पाण्याची टाकी, स्वयंपाकघराची कपाटं टांगताना साधा प्लास्टिकचा प्लग सुटतो. एएसीसाठीचा लांब नायलॉनचा घ्यावा लागतो, टाकीसारख्या वजनाला आरपार बोल्ट.

बाहेर वीट, आत एएसी चालेल. तुमचा कंत्राटदार वर्षानुवर्षं विटेचं काम करणारा असेल आणि ब्लॉक वजन करून घ्यायला तयार नसेल, तर पश्चिमेला लाल वीटच घ्या. फ्लाय ॲश तेव्हाच, जेव्हा २८ दिवसांची तारीख लेखी मिळते.

जोते_आणि_जागा
माझा विरोध नोंदवते. बाहेर वीट आणि आत ब्लॉक म्हणजे प्रत्येक आतली भिंत बाहेरच्या भिंतीला भेटते तिथे दोन वेगवेगळ्या चालीच्या वस्तूंचा सांधा. आतल्या प्लास्टरवर ते सगळे तडे दिसणार. एकच वस्तू घ्या आणि ती नीट लावा.

ओळंबा
ते सांधे आत आहेत, त्यांतून पाऊस येत नाही. तिथे प्लास्टरला सरळ उभी खाच द्या, तडा खाचेत लपतो.

सत्तरी_कुळागर
चिऱ्याचं उत्तर राहिलं.

ओळंबा
सांगाड्यात चिरा भरायचा तर वजन विटेपेक्षा कमी नाही, आणि खणीखणीला दगडाचा कस बदलतो. मऊ, पिवळसर चिरा पश्चिमेला नको. घट्ट, लालसर, तोडल्यावर आत पांढऱ्या मातीचे खड्डे नसलेला मिळाला तर आणि बाहेरून दर्जा भरून घेणारा गवंडी असेल तर मी हरकत घेणार नाही. पण इंजिनीअरला त्या वजनासह विचारूनच.

निळी_छत्री
कंत्राटदाराला वजनकाट्याचं सांगितलं, तो तयार आहे. छज्जा ७५ चा करून नवं ड्रॉइंग मागितलंय. ब्लॉक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवतो. आतल्या भिंतींचं तर नक्की झालं. पश्चिमेला वीट की ८ इंची एएसी, ते पहिल्या ढिगातले ब्लॉक डिसेंबरअखेर किती किलो भरतात ते बघून ठरवेन. आकडे इथेच टाकतो.